वण कुठे थांबला?

दोन फोटो शेजारी ठेवा. पहिल्यात सिझेरियनला चार महिने झाल्यावरचं ओटीपोट: टाक्यांच्या रेषेवर दोरीसारखा जाड, लालसर वण. दुसऱ्यात वरच्या पाळीवर दुसऱ्यांदा कान टोचून घेतलेली कॉलेजातली मुलगी. तिच्या कानामागे बोराएवढी गुळगुळीत, तपकिरी गाठ. पहिला वण दिसायला भयंकर, पण काळजीचा आहे तो दुसरा.

फरक कडेला सापडतो. साधा उठावदार वण जखमेच्या हद्दीतच राहतो. टाके पडल्यावर महिना-दोन महिन्यांत तो फुगतो, काही महिने वाढतो आणि मग बहुधा हळूहळू बसत जातो. केलॉइड मात्र मूळ जखम ओलांडून निरोगी कातडीत शिरतो. सुई टोचली टाचणीएवढ्या जागी आणि गाठ झाली बोराएवढी, म्हणजे हद्द मोडली. शिवाय तो उशिरा उगवतो, कधी वर्षभरानंतरही, आणि आपोआप क्वचितच ओसरतो. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदा आणि दंड या त्याच्या आवडत्या जागा. अनेकांच्या दंडावर बीसीजीच्या लसीचा वण असाच वाढलेला असतो.

म्हणूनच एकच फोटो फसवतो. तिसऱ्या महिन्यात दोन्ही वण सारखेच दिसू शकतात, आणि सावळ्या कातडीवर लाली जांभळट-काळपट वाटते. दर महिन्याला त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढले तर वाढ कळते. खाज, ठणका आणि कडकपणा मात्र कॅमेऱ्यात येत नाही. शिवाय टोचलेल्या जागची मऊ, पू येणारी गाठ केलॉइड नसून जंतुसंसर्गाचीही असू शकते.

पहिल्या वणाला सहसा सिलिकॉनची पट्टी आणि धीर पुरतो. पट्टी रोज किमान बारा तास, दोन-तीन महिने लावावी लागते. केलॉइडमध्ये पहिला उपाय म्हणजे गाठीतच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, साधारण चार ते सहा आठवड्यांनी एकदा, असे बरेच डोस. ते दुखतं, कारण गाठ घट्ट असते. औषध आजूबाजूला पसरलं तर तिथली कातडी पातळ किंवा पांढुरकी पडते. ऐकेनाच, तर डॉक्टर फ्लुरोयुरॅसिल सोबत देतात किंवा द्रव नायट्रोजनने गाठ गोठवतात.

‘कापूनच टाका ना,’ असं घरचे म्हणतात. इथेच घोटाळा होतो. कापणं म्हणजे त्याच कातडीला नवी जखम! नुसतं कापलेलं केलॉइड निम्म्याहून अधिक वेळा परततं, कधी आधीपेक्षा मोठं होऊन. म्हणून शस्त्रक्रियेला जोड लागते: कापलेल्या जागी स्टेरॉइड, कानासाठी दाब देणारी चिमट्यासारखी क्लिप किंवा हट्टी गाठींसाठी पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होणारं रेडिएशन.

त्या मुलीची गाठ अशी निघाली, तरी क्लिप काही महिने लावायची आणि तपासणीला जात राहायचं. त्या जागी पुन्हा खाज सुटली किंवा कडक ठिपका लागला, तर लगेच इंजेक्शन घ्यायचं. दुसऱ्या कानाची वरची पाळी तशीच ठेवायची.