फोटोत चेहरा वाकडा दिसतोय? आधी मोबाईल तपासा, मग डॉक्टर गाठा

स्थळाला पाठवायला फोटो काढला आणि एक गाल मोठा, नाक वाकडं, एक डोळा वर दिसला, की घरात लगेच चर्चा सुरू होते. कुणी दातांना तार लावायला सांगतं, कुणी नाकाचं ऑपरेशन सुचवतं. पण असा वाकडेपणा बऱ्याचदा चेहऱ्यात नसतो. तो मोबाईल धरण्याच्या पद्धतीतून आलेला असतो. पैसे खर्च करण्याआधी घरच्या घरी याची खात्री करता येते.

असं का होतं?

सेल्फी काढताना मोबाईल चेहऱ्यापासून साधारण एक फुटावर असतो. इतक्या जवळून नाकाचा शेंडा कॅमेऱ्याला कानापेक्षा फारच जवळ पडतो, म्हणून नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं. एक फुटावरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, तर पाच फुटांवरून हा फरक जवळपास उरत नाही.

त्यात मोबाईल उजव्या हातात असेल, तर तो नकळत उजवीकडे सरकतो. मग उजवा गाल कॅमेऱ्याच्या जवळ येतो आणि डाव्यापेक्षा भरलेला दिसतो. घोळक्याच्या फोटोत अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही कडेकडे ताणला जातो. 0.5x वर काढलेल्या फोटोत तर हे ठळक दिसतं.

एक उदाहरण पाहू

समजा, एका तरुणीच्या सेल्फीत उजवा गाल मोठा आणि उजवा डोळा वर दिसतोय. पहिलं काम म्हणजे उजवं-डावं नक्की करायचं. पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो काही मोबाईल आरशासारखा उलटा साठवतात. कपड्यावरची अक्षरं उलटी दिसली किंवा चमकी दुसऱ्या नाकपुडीत दिसली, तर फोटो उलटा आहे असं समजावं. इथे फोटो सरळ आहे.

आता मागची दाराची चौकट पाहायची. चौकटही चेहऱ्यासोबत तेवढीच कललेली असेल, तर मोबाईल तिरका होता. चौकट उभी आणि फक्त चेहरा कललेला असेल, तर मान कलली होती. दोन्ही प्रकारांत डोळ्यांची आणि ओठांची रेघ सारखीच कलते. डोळे सरळ रेषेत आणि ओठांचा एकच कोपरा खाली, असं दिसलं तर मात्र तो मोबाईलच्या कलण्याचा परिणाम नव्हे. इथे चौकटही कललेली आहे.

मग स्क्रीनवर पट्टी ठेवून दोन डोळ्यांच्या मधोमध नाकाच्या मुळापासून दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपर्यंत मोजायचं. उजवीकडे २२ मिलिमीटर, डावीकडे १८. शिवाय उजवा कान पूर्ण दिसतो, डावा अर्धाच. म्हणजे कॅमेरा समोर नव्हता, उजव्या बाजूला होता.

फोटो परत असा काढा

मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर, फळीवर सरळ उभा ठेवा. पाच फूट लांब, अगदी समोर बसा. मागचा कॅमेरा, 2x झूम आणि १० सेकंदांचा टायमर लावा. ब्यूटी फिल्टर बंद ठेवा. केस कानामागे, ओठ मिटलेले, चेहरा फोटोच्या मधोमध. उजेड समोरून यावा; एकाच खिडकीचा उजेड पडला तर सावलीच्या बाजूचा गाल बसल्यासारखा वाटतो. दोन्ही कान सारखे दिसले की फोटो जमला.

तरुणीच्या नव्या फोटोत हेच माप दोन्हीकडे १४ मिलिमीटर आलं. नाक सरळ, डोळे एका रेषेत. पण डावा जबडा दोन्ही फोटोंत थोडा भरलेलाच दिसला. तोंडात पाहिलं तर उजवी दाढ किडलेली. दुखते म्हणून ती वर्षभर डावीकडूनच चावते. म्हणजे उपचार हवा तो दाढेला, नाकाला नाही.

दोन्ही बाजूंत थोडा फरक तर प्रत्येकाच्याच चेहऱ्यात असतो. एका फोटोवरून काही ठरवू नका. वेगवेगळ्या दिवशी असेच तीन फोटो काढा. तिन्हींत तीच बाजू वेगळी दिसली तरच डॉक्टरांना दाखवा.

इथे फोटो काढत बसू नका

तोंड अचानक एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं अडखळलं किंवा एका हातातली ताकद गेली, तर तो पक्षाघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ डॉक्टरांना सांगा. एक डोळा मिटत नसेल तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. गुटखा-तंबाखू खाणाऱ्याचं तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा गालात गाठ लागत असेल, तर फोटो कितीही सरळ आला तरी तपासणी टाळू नका.