नऊशे वीस रुपयांचा हिशेब

‘गिग काम तरुणांच्या हिताचे आहे’ हा विषय वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत वादविवादाला हमखास येतो. अनुकूल बाजूचे भाषण बहुतेक वेळा नीती आयोगाच्या 2022च्या अहवालापासून सुरू होते. देशात 2020-21मध्ये 77 लाख गिग कामगार होते आणि 2029-30पर्यंत ते 2.35 कोटी होतील, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. आकडा भारदस्त आहे, टाळ्याही मिळतात. पण काम किती जण करतात यावरून ते फायद्याचे आहे की नाही हे कळत नाही. परीक्षक व्यवसाय अभ्यासाचा असेल तर तो एकच गोष्ट विचारील: खर्च वजा जाता तासाला हातात काय पडते?

समजा, पुण्यात एक मुलगा स्वतःच्या दुचाकीवर जेवणाचे डबे पोचवतो. दुपारी बारा ते रात्री अकरा अॅप चालू, बावीस ऑर्डरी, प्रत्येकी सरासरी 35 रुपये, आणि बाविसावी ऑर्डर पूर्ण झाली की 150 रुपयांचा इन्सेंटिव्ह. एकूण 920. महिन्याला सव्वीस दिवस धरले तर जवळपास चोवीस हजार होतात. व्यासपीठावर हाच आकडा सांगितला जातो.

आता एक ऑर्डर उकलून पाहू. हॉटेलपर्यंत जाणे, ग्राहकाकडे पोचणे आणि पुन्हा गर्दीच्या भागात येणे मिळून पाच किलोमीटर. गाडी लिटरला 45 किलोमीटर देते आणि पेट्रोल 104 रुपये धरले, तर साडेअकरा रुपये जळाले. टायर, ऑइल, ब्रेक, सर्व्हिसिंग यांचे किलोमीटरला सत्तर पैसे म्हणजे आणखी साडेतीन. पस्तिसातले वीस उरले. अॅप परतीचे अंतर बहुधा मोजत नाही; पेट्रोल मात्र त्यातही जळते.

बावीस ऑर्डरींचे 440 आणि इन्सेंटिव्हचे 150 मिळून 590. अकरा तासांनी भागले तर तासाला सुमारे 54 रुपये. आणि एकवीसच ऑर्डरी झाल्या तर? 420 रुपये, म्हणजे तासाला 38. एका ऑर्डरीने 170 रुपयांचा फरक पडतो. रात्री साडेदहाला सिग्नल तोडून गाडी दामटणारा पोरगा दिसला की आपण त्याला बेफिकीर म्हणतो. त्याच्या बेफिकिरीत या गणिताचाही वाटा असतो.

अनुकूल बाजूचा खरा मुद्दाही याच हिशेबात दडलेला आहे. बावीसपैकी बारा ऑर्डरी संध्याकाळी सात ते अकरात येतात आणि दुपारी तीन ते सातच्या मंदीत फक्त तीन, असे धरू. मग रात्रीच्या चार तासांत तासाला साठ रुपये सुटतात, दुपारच्या चार तासांत अवघे पंधरा. सकाळी कॉलेज करून फक्त रात्रीची वेळ पकडणाऱ्या विद्यार्थ्याला हे काम परवडते. ना मुलाखत, ना रजेचा अर्ज. परीक्षेच्या आठवड्यात अॅप बंद. याच कामावर घर चालवणाऱ्याला मात्र दुपार टाळता येत नाही, कारण इन्सेंटिव्ह दिवसभराच्या ऑर्डरींवर बेतलेला असतो. म्हणून ‘तरुण’ हा एकच गट धरून केलेले भाषण दोन्ही बाजूंनी लंगडे पडते.

रिकाम्या थांबण्याचे पैसे कोणी द्यायचे, हा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. फेब्रुवारी 2021मध्ये न्यायालयाने उबरच्या चालकांना ‘वर्कर’चा दर्जा दिला. चालक आपल्या हद्दीत अॅप चालू ठेवून भाडे घ्यायला तयार असेल, तर तो वेळही कामाचाच, असे निकालात म्हटले. पुढच्याच महिन्यात कंपनीने किमान वेतनाची हमी जाहीर केली, पण भाडे स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंतच्या वेळेचीच! प्रतिकूल बाजूच्या हाती यापेक्षा धारदार उदाहरण क्वचितच लागेल.

‘भारतात आता कायदा झाला आहे’ हे उत्तर लगेच येईल. सामाजिक सुरक्षा संहिता 2020ची. ती 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झाली. तिच्यानुसार अॅग्रिगेटर कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. मात्र ही रक्कम कामगारांना दिलेल्या किंवा देय मोबदल्याच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. आपल्या मुलाच्या 920 रुपयांवर ही मर्यादा 46 रुपयांची. ते पैसे विमा, अपघात, म्हातारपण अशा योजनांसाठी आहेत. त्यातून त्याची मंदीची दुपार भरून निघणार नाही, आणि तिसऱ्या वर्षी त्याचा ऑर्डरीचा दर पहिल्या दिवसापेक्षा वाढेल अशी तरतूदही त्यात नाही.