प्रायोजकाच्या हाती द्यायचा अहवाल

कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या दुकानदाराला, बँकेला किंवा कंपनीला कार्यक्रमानंतर दिला जाणारा लेखी हिशेब म्हणजे प्रायोजक अहवाल. देणगीदाराला पावती पुरते. प्रायोजकाने मात्र पैशांच्या मोबदल्यात जाहिरात ठरवून घेतलेली असते. ठरलेले मिळाले का, ते किती लोकांपर्यंत पोहोचले आणि पुढच्या वर्षी पैसे द्यावेत का, असे तीन प्रश्न त्याच्यापुढे असतात. अहवाल याच क्रमाने लिहिला जातो.

वसाहतीतल्या एखाद्या मंडळाची दिवाळी पहाट उदाहरणादाखल घेता येईल. समजा, एका सराफी पेढीने मुख्य प्रायोजक म्हणून 50,000 रुपये दिले. मोबदल्यात चार गोष्टी ठरल्या: रंगमंचामागच्या फलकावर पेढीचे नाव, प्रवेशद्वारावर कमान, निवेदकाकडून दोन उल्लेख आणि प्रवेशिकेच्या मागे सवलतीचे कुपन. अहवालाच्या पहिल्या पानावर या चार गोष्टींचा तक्ता येतो. एका रकान्यात काय ठरले, दुसऱ्यात काय झाले. गाणी लांबल्यामुळे दुसरा उल्लेख राहून गेला असेल, तर तेही तिथेच लिहायचे आणि मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात तो भरून देण्याची तयारी दाखवायची. पेढीचे मालक बहुधा पहिल्या रांगेतच बसलेले असतात. राहिलेली गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली असते आणि ती लपवली की उरलेल्या आकड्यांवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

पोहोच मोजताना सर्वाधिक चुका होतात. 1,000 प्रवेशिका वाटल्या म्हणून 1,000 माणसे आली असे होत नाही. 600 खुर्च्या भरल्या असतील, तर तो आकडा पक्का. मागे उभ्या असलेल्यांसाठी हर्बर्ट जेकब्ज यांची पद्धत उपयोगी पडते. अमेरिकेत बर्कली येथे पत्रकारिता शिकवणाऱ्या जेकब्ज यांनी 1960च्या दशकात विद्यापीठाच्या चौकातली गर्दी मोजताना ती बसवली. विरळ गर्दीत माणशी सुमारे 10 चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत साडेचार. मागची जागा 40 फूट लांब, 30 फूट रुंद आणि गर्दी विरळ असेल, तर 1,200 चौरस फुटांत साधारण 120 माणसे मावतात. म्हणजे एका वेळची उपस्थिती सुमारे 720. आकड्याशेजारी तो कसा काढला हेही एका ओळीत द्यावे.

समाजमाध्यमांवरची पोहोच वेगळी दाखवावी. चित्रफीत किती वेळा पाहिली गेली आणि ती किती खात्यांपर्यंत गेली, हे दोन निराळे आकडे आहेत. एकाच माणसाने ती पाच वेळा पाहिलेली असू शकते. हे आकडे उपस्थितीत मिळवून मोठी बेरीज दाखवू नये. दुकानदाराला सर्वांत पटणारा आकडा त्याच्याच गल्ल्याजवळ असतो. पेढीत किती कुपने परत आली, हे विचारून तो आकडा अहवालात घ्यावा. तो लहान असला, तरी त्यातला प्रत्येक जण दुकानाची पायरी चढलेला असतो.

छायाचित्रे सहा ते आठ पुरतात, पण त्यांची यादी छायाचित्रकाराला आदल्या दिवशी द्यावी लागते. सांगितले नाही, तर तो गायकाचा चेहरा जवळून टिपतो आणि मागच्या फलकावरचे नाव अर्धे कापले जाते. नाव आणि श्रोते एकाच चौकटीत आले, तरच ते नाव लोकांसमोर होते हे दिसते. पहाटे साडेपाचला कमान अंधारात असते. तिचे छायाचित्र उजाडल्यावर, माणसे बाहेर पडताना घ्यावे. लहान मुले ओळखू येत असतील, तर पालकांची संमती घ्यावी.

आभाराचे पत्र शेवटी येते. ‘आपल्या सहकार्याबद्दल ऋणी आहोत’ हे वाक्य कोणत्याही प्रायोजकाला चालते, म्हणून ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. ‘आपल्या रकमेतून ध्वनियंत्रणेचे भाडे भागले, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत गाणे स्वच्छ ऐकू गेले’ असे लिहिले की पैसे कुठे लागले ते कळते. पत्रावर अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या सह्या असाव्यात.

अहवाल दोन-तीन आठवड्यांत, शक्यतो प्रत्यक्ष भेटून द्यावा. दुकानदाराच्या मनात कार्यक्रम तोवर ताजा असतो. कंपन्यांचे आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि जाहिरातीच्या खर्चाची आखणी बरीच आधी होते. अहवाल पुढच्या गणपतीपर्यंत रेंगाळला, तर ती संधी हुकते. अखेरच्या परिच्छेदात पुढच्या वर्षीचा प्रस्ताव थोडक्यात द्यावा: कार्यक्रम केव्हा, रक्कम किती, या वर्षीच्या अनुभवावरून काय बदलणार, आणि मुख्य प्रायोजकाची जागा याच पेढीसाठी कोणत्या तारखेपर्यंत राखून ठेवली आहे. त्या तारखेपर्यंत मंडळाने ती जागा दुसऱ्या कोणाला देऊ नये.