तीन दिवस पडलेला पाऊस

स्पॅनिश गोष्टीतल्या रिकाम्या जागा भरताना अनेक विद्यार्थी वेळ मोजतात: क्षणात घडलं तर प्रेतेरितो, लांबलं तर इम्पेर्फेक्तो. चूक इथेच होते.

'योबिओ त्रेस दियास', म्हणजे तीन दिवस पाऊस पडला. काळ लांब, तरी रूप प्रेतेरितोचं, कारण ती मुदत संपलेली आहे. याउलट 'योबिया कुआन्दो आना सालिओ': आना बाहेर पडली तेव्हा पाऊस पडत होता. तिचं बाहेर पडणं गोष्ट पुढे नेतं. पाऊस नुसती पार्श्वभूमी. तो कधी थांबला, हे वाक्य सांगतच नाही, म्हणून इम्पेर्फेक्तो.

सवयीलाही तेच रूप. 'सिएम्प्रे योबिया एन खुलिओ', जुलैत नेहमी पाऊस पडायचा. 'पडत होता' आणि 'पडायचा' ही मराठीतली दोन रूपं स्पॅनिशमध्ये एका 'योबिया'त मावतात.