पगारपत्रकात दडलेली ठेव

समजा, पुण्यातल्या एका ३८ वर्षांच्या अभियंत्याकडे ८ लाखांचे इक्विटी म्युच्युअल फंड आणि ४ लाखांची मुदत ठेव आहे. दोनतृतीयांश पैसा शेअर बाजारात असल्याने आपण बरीच जोखीम घेतली आहे, असं तिला वाटतं. पण पीएफ खात्यातले १२ लाख तिने हिशेबात धरलेलेच नाहीत. ते धरले की एकूण २४ लाखांपैकी इक्विटी उरते जेमतेम एकतृतीयांश.

पीएफ हा तिच्या गुंतवणुकीतला कर्जरोखे गटाचा, म्हणजे स्थिर व्याजाचा भाग आहे. सरकार दरवर्षी व्याजदर जाहीर करतं. २०२४-२५ साठी तो ८.२५ टक्के होता. तिचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ६०,००० रुपये असेल, तर १२ टक्क्यांप्रमाणे तिचे ७,२०० कापले जातात. कंपनीही तेवढेच भरते, मात्र तिच्याबाबतीत त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात. म्हणजे दरमहा १३,१५० रुपये आपसूक या भागात जमा होतात. इक्विटी ६० आणि कर्जरोखे ४० असं प्रमाण नव्या बचतीत राखायचं, तर एसआयपी जवळपास १९,७०० रुपयांची हवी.

व्हीपीएफचा विचार करायचा तो हा हिशेब झाल्यावर. सक्तीच्या १२ टक्क्यांच्या वर कर्मचारी स्वेच्छेने आणखी रक्कम कापून घेऊ शकतो, अगदी पूर्ण मूळ पगार आणि महागाई भत्त्यापर्यंत. व्याज तेच मिळतं, पण कंपनी या जादा रकमेला जोड देत नाही. बऱ्याच कंपन्या ही रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवायला सांगतात.

खरी मर्यादा कराची आहे. एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याच्या वर्षाला अडीच लाखांवरच्या भरण्यावरचं व्याज करपात्र झालं. या अभियंत्याचे वर्षाचे ८६,४०० आधीच जातात. म्हणून व्हीपीएफसाठी दरमहा सुमारे १३,६०० रुपयांची जागा उरते. तेवढ्यापर्यंत ८.२५ टक्के करमुक्त मिळतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला हातात तेवढं पडायला मुदत ठेवीवर जवळपास १२ टक्के व्याज लागेल. मर्यादेपलीकडच्या रकमेवर मात्र उपकरासह कर गेल्यावर साधारण ५.७ टक्केच उरतात. शिवाय ही रक्कम वेगळ्या करपात्र खात्यात धरली जाते आणि तिच्यावरचं व्याज पुढेही दरवर्षी करपात्रच राहतं.

तरीही या अभियंत्याने आज व्हीपीएफ सुरू करू नये. कर्जरोख्यांचा तिचा वाटा आधीच मोठा आहे आणि बाजार कोसळल्यावर पीएफमधून पैसे काढून स्वस्तात शेअर घेणं सहज जमत नाही. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी रक्कम काढली, तर एरवी त्यावर करही लागू शकतो. तिच्या पन्नाशीतल्या सहकाऱ्याचं गणित वेगळं आहे. त्याला इक्विटी कमी करायचीच आहे आणि त्याच्या मुदत ठेवीच्या व्याजावर दरवर्षी कर जातो. ठेवीत जाणारी मासिक रक्कम अडीच लाखांच्या आत बसेल तेवढी त्याने व्हीपीएफकडे वळवावी, आणि आणीबाणीसाठी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी ठेव बँकेत तशीच राहू द्यावी.