एका तपकिरी बटूचं वजन का जुळत नव्हतं

मृग नक्षत्राच्या पायाशी, दक्षिणेकडे, शशक नावाचा एक लहानसा तारकासमूह आहे. तिथे पृथ्वीपासून सुमारे 19 प्रकाशवर्षांवर ग्लिझ 229 हा मंद लाल तारा आहे. ऑक्टोबर 1994मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या 60 इंची दुर्बिणीतून या ताऱ्याचं चित्र घेतलं गेलं. मुख्य ताऱ्याचा झगझगाट आडोसा करून अडवला होता, म्हणून त्याच्या शेजारचा एक अगदी फिकट ठिपका दिसला. तो मागच्या आकाशातला एखादा दूरचा तारा असू शकत होता. त्यामुळे खगोलशास्त्रज्ञांनी वर्षभर वाट पाहिली. ग्लिझ 229 आकाशात जसा सरकला तसाच तो ठिपकाही सरकला, आणि दोघे सोबती असल्याची खात्री पटली. हा शोध लावणाऱ्या चमूत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णीही होते.

त्या ठिपक्याच्या वर्णपटात मिथेन वायूच्या खुणा निघाल्या. मिथेन आपल्या गुरू ग्रहावर आहे, पण ताऱ्याच्या पृष्ठभागावर तो टिकत नाही, कारण तिथल्या उष्णतेत त्याचे रेणू फुटतात. या सोबत्याचं पृष्ठभागाचं तापमान सहाशे-सातशे अंश सेल्सियसच्या आसपास भरलं. सर्वांत थंड ताऱ्यापेक्षाही तो कितीतरी थंड होता. 1995 साली ग्लिझ 229बी हा निर्विवाद तपकिरी बटू म्हणून जाहीर झाला.

असे पिंड असतील, हे त्याआधी तीस-बत्तीस वर्षं कागदावर मांडलेलं होतं. भारतात जन्मलेले शिव कुमार यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं गणित केलं होतं. वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतो तेव्हा त्याचा गाभा तापत जातो. पुरेसं वस्तुमान असेल तर गाभ्याचं तापमान काही दशलक्ष अंशांवर पोचतं, हायड्रोजनचं हेलियममध्ये रूपांतर सुरू होतं आणि तारा जन्मतो. वस्तुमान कमी पडलं तर मात्र तापमान तिथवर पोचण्याआधीच इलेक्ट्रॉन इतके दाटीने कोंडले जातात की त्यांचाच दाब आकसणं थोपवतो. हा दाब उष्णतेवर अवलंबून नसतो, त्यामुळे पिंड थंड झाला तरी तो टिकून राहतो. ही सीमारेषा गुरूच्या साधारण 75 ते 80 पट वस्तुमानावर आहे. तिच्या खाली, सुमारे 13 पटींपर्यंतच्या पिंडांना तपकिरी बटू म्हणतात. त्यांच्यात थोडं ड्युटेरियम जळतं, पण ते लवकरच संपून जातं.

यापुढे तो पिंड फक्त निवत राहतो, गॅस बंद केल्यावर तवा निवतो तसा. खरी अडचण इथेच येते. आज एखादा तपकिरी बटू मंद दिसतो, तो लहान आहे म्हणून की म्हातारा आहे म्हणून? हलका आणि तरुण पिंड, किंवा जड आणि जुना पिंड, दोघांचा उजेड सारखाच असू शकतो. आकारावरूनही उलगडा होत नाही, कारण वस्तुमान कितीही असलं तरी बहुतेक तपकिरी बटू गुरूएवढेच भरतात. ग्लिझ 229बीचं वस्तुमान किती, याचे अंदाज म्हणूनच वर्षानुवर्षं डळमळत राहिले.

वजन थेट करायचा एक मार्ग होता. सोबती फिरतो तेव्हा मुख्य ताराही किंचित डोलतो, आणि त्या डोलण्यातून सोबत्याचं वस्तुमान काढता येतं. हिप्पार्कस आणि गाया या उपग्रहांनी ताऱ्याच्या जागा वर्षांच्या अंतराने अचूक मोजल्या होत्या. त्यावरून उत्तर आलं गुरूच्या 71 पट. पण हे उत्तर अडचणीचं होतं. इतक्या जड पिंडाचा उजेड इतका उतरायला जितका काळ हवा, तितकं ग्लिझ 229चं वय नाही. मोजमाप तर तपासून पाहिलेलं होतं. मग प्रारूपं चुकली होती, की दिसत होता त्याहून वेगळं काही तिथे होतं?

2024मध्ये चिलीतल्या परानाल इथल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून तो ठिपका पाहिला गेला, तेव्हा तिथे एक नव्हे, दोन पिंड दिसले. वर्णपटातल्या रेषांचं मागेपुढे सरकणंही त्याची साक्ष देत होतं. एक गुरूच्या 38 पट, दुसरा 34 पट. ते एकमेकांभोवती अवघ्या 12 दिवसांत फेरी मारतात, आणि त्यांच्यातलं अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या साधारण 16 पट आहे. पूर्वीच्या कुठल्याही दुर्बिणीला ते वेगळे दिसणं शक्यच नव्हतं. वस्तुमान दोघांत विभागल्यावर उजेडाचं कोडंही सुटलं. इतक्या हलक्या पिंडांना निवायला लागणारा काळ ताऱ्याच्या वयाशी जुळतो. प्रारूपं बरोबरच होती.

माझ्या मते या शोधातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तो संशयाची एक रीत देतो. आणखी काही तपकिरी बटू त्यांच्या वजनाच्या मानाने फारच मंद भरतात. आता त्यांच्याकडे पाहताना खगोलशास्त्रज्ञ आधी विचारतात, हा एकटाच आहे ना?