चार हजार गुणिले बारा

समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या संस्थेत मी इंटर्न होते. जिल्हा परिषदेच्या दहा शाळांमध्ये पुस्तकपेट्या फिरवण्याचा प्रस्ताव जायचा होता. दीड लाखापर्यंत मदत मिळणार होती. उद्दिष्टं, गरज, कामाची पद्धत हे सगळं ताईंनी आधीच लिहिलं होतं. माझ्याकडे आला तो बजेटचा तक्ता आणि त्याखालचा रिकामा भाग : प्रत्येक खर्चाचं समर्थन.

प्रवासाच्या ओळीत ४८,००० रुपये होते. त्याखाली मी लिहिलं, "शाळांना नियमित भेटी देण्यासाठी प्रवासखर्च आवश्यक आहे." संस्थेचे हिशेब पाहणाऱ्या काकांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे अठ्ठेचाळीस कुठून आले?" चार हजार गुणिले बारा, मी म्हणाले. "आणि चार हजार?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या कुठल्यातरी प्रस्तावातून तो आकडा तसाच आला होता.

समर्थन म्हणजे खर्च गरजेचा आहे असं सांगणं नव्हे. गरज प्रस्तावात आधीच मांडलेली असते. इथे दाखवायचं असतं ते आकडा कसा तयार झाला : किती वेळा, किती जणांसाठी, कोणत्या दराने. वाचणाऱ्याला तोच गुणाकार स्वतः करून तेच उत्तर मिळालं पाहिजे.

काकांनी मला कागद घेऊन बसवलं. प्रत्येक शाळेला महिन्यातून दोन भेटी, म्हणजे वीस भेटी. एका रस्त्यावरच्या दोन शाळा एका दिवसात होतात, म्हणून दहा दिवस. एका दिवसाची फेरी सरासरी चाळीस किलोमीटर. संस्थेचा दुचाकीचा ठरलेला दर किलोमीटरला चार रुपये. त्यात पेट्रोलबरोबर गाडीची झीजही धरलेली. मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी सोडली तर भेटींचे महिने दहाच. उत्तर आलं १६,०००. आधीचा आकडा याच्या तिप्पट होता, आणि त्यात शाळा बंद असतानाच्या फेऱ्याही धरल्या गेल्या होत्या.

पण खरी अडचण पुढच्या ओळीत निघाली. भेटी देणार होत्या ताई. पंचवीस कामाच्या दिवसांपैकी दहा दिवस म्हणजे त्यांचा चाळीस टक्के वेळ. त्यांच्या वीस हजार पगाराचे आठ हजार या प्रकल्पावर टाकावेत असं मी लिहिणार, एवढ्यात काकांनी दुसरी फाइल काढली. ताईंचा सत्तर टक्के पगार आधीच्या एका देणगीदाराकडून येत होता. सत्तर आणि चाळीस, एकशे दहा. एकाच माणसाचा एकच तास दोन देणगीदारांच्या हिशेबात दाखवणं लेखापरीक्षणात सापडतं, आणि मुळात ते खोटं असतं. हा घोळ मुद्दाम केलेला नसतो. प्रत्येक प्रस्ताव वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसाने लिहिलेला असतो आणि सगळ्यांच्या टक्क्यांची बेरीज कुणी करत नाही, म्हणून तो होतो.

ताईंकडे तीस टक्के उरले होते, म्हणजे महिन्याला साडेसात दिवस. दहा दिवसांचं काम त्यात बसणार नव्हतं. त्या बराच वेळ शाळांची यादी बघत राहिल्या आणि मग त्यांनी चार शाळा खोडल्या. सहा शाळा, सहा दिवस. उरलेला दीड दिवस नोंदी आणि अहवालाला. प्रवास ९,६०० वर आला, पगाराचा वाटा ७२,००० वर. प्रवास दहा महिन्यांचा आणि पगार बारा महिन्यांचा, ही विसंगती वाचणाऱ्याला खटकणार हे ओळखून मी एक वाक्य घातलं : सुट्टीच्या काळात फाटलेल्या पुस्तकांची डागडुजी, मोजणी आणि वार्षिक अहवाल होईल.

पुस्तकांची ओळ त्यामानाने सोपी होती. सहा पेट्या, प्रत्येकीत साठ पुस्तकं, सरासरी ऐंशी रुपये : २८,८००. पेट्या दर महिन्याला शाळा बदलणार, त्यामुळे एकाच पुस्तकाच्या सहा प्रती घ्यायच्या नव्हत्या, हेही लिहिलं. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. पत्र्याच्या पेटीवर मात्र तो लागतो आणि आमच्यासारख्या संस्थेला तो परत मिळत नाही, म्हणून तीन दुकानांची दरपत्रकं घेऊन करासह दोन हजारांचा भाव धरला. शेवटी लेखापरीक्षकाची फी, फोन आणि वीज यांसाठी देणगीदाराने घालून दिलेल्या मर्यादेतले दहा टक्के.

बेरीज झाली १,३४,६४०. दीड लाख मिळू शकत असताना एवढेच का मागायचे, असं मी विचारलं. उरलेल्या पंधरा हजारांसमोर कोणता गुणाकार लिहिशील, असं काकांनी विचारलं, आणि मी आकडा तसाच ठेवला.

खोडलेल्या चार शाळांची नावं मात्र मी वहीत उतरवून ठेवली. प्रत्येकीचं अंतर, भेटींचे दिवस, लागणारा वेळ, सगळं समोर मांडलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनाची ओळ प्रस्तावात घातली गेली, तेव्हा ताईंनी तिचं समर्थन त्याच पानावरून उतरवून घेतलं.